बाबांचा चार पानी डिस्चार्ज कागद एका पानावर आणावा का?

शेळगीकर
बाबा (६६) हृदय कमजोर झाल्यामुळे आठवडाभर दवाखान्यात होते, ८ तारखेला घरी आणलं. डिस्चार्जचा कागद चार पानी, सगळा इंग्रजीत. औषधं आई देते आणि ती फक्त मराठी वाचते. मी एका पानात उतरवायला घेतलंय. दादा म्हणतो, डॉक्टरच्या कागदाला हात लावू नकोस. तुम्हाला काय वाटतं? करायचंच असेल तर काय गाळायचं?

फौजदार चावडी
तुमच्या दादाचं बरोबर आहे. हृदयाच्या औषधांत अडीच मिलिग्रॅमची गोळीही असते आणि पंचवीसची पण असते, बऱ्याचदा एकाच कागदावर. उतरवताना एक टिंब सुटलं की अडीचचे पंचवीस होतात. आपल्या हाताने लिहिलेल्या कागदाची जबाबदारी कोण घेणार? दवाखान्यात जा आणि मराठीत लिहून मागा. तो त्यांचा धर्म आहे.

निवृत्त सिस्टर, सात रस्ता
मागा जरूर. पण वॉर्डात काय घडतं ते मी नोकरीभर पाहिलंय. सुट्टीच्या दिवशी एक माणूस बिलाच्या रांगेत असतो, दुसरा रिक्षा बघायला गेलेला, आणि आम्ही जे सांगतो त्याला तिसरा नुसती मान हलवतो. औषध देणारी बाई तर बहुतेक वेळा तिथे नसतेच, ती घरी खोली आवरत असते. रात्री आठ वाजता डबी उघडते तेव्हा तिच्या हातात इंग्रजी कागद असतो. तिला एक पान हवंच.

माझी काळजी वेगळी आहे. लोक औषधांचा तक्ता जपतात आणि "दवाखान्यात काय उपचार झाले" हा परिच्छेद गाळतात, कारण तो झाल्या-गेल्याचा वाटतो. जपायच्या गोष्टी तिथेच दडलेल्या असतात. घरी जातानाचं वजन तिथे असतं. कुठलं औषध मध्येच बंद केलं, कशामुळे केलं, तेही तिथेच. तो परिच्छेद आधी पूर्ण वाचा, खुणा करा, मगच गाळा. तुमचा मसुदा इथे टाका, नाव-नंबर काढून.

होटगी रोड
असलं काही करू नका! आमच्या काकांचा मेडिक्लेम याच कारणाने अडकला होता. मूळ कागद पूर्ण, सही-शिक्क्यासकट लागतो. छोटं केलेलं पान कंपनी घेत नाही.

शेळगीकर
मूळ कागद फाईलमध्ये तसाच राहणार आहे. हे पान फक्त आईसाठी, स्वयंपाकघरात लावायला. मसुदा असा:

सकाळी: टॉर्सेमाइड १ गोळी, मेटोप्रोलॉल २५ ची १, डॅपाग्लिफ्लोझिन १० ची १
दुपारी: स्पायरोनोलॅक्टोन २५ ची अर्धी
रात्री: रॅमिप्रिल २.५ ची १
मीठ कमी. पाणी दिवसाला दीड लिटर. दम लागला, पायाला सूज आली तर दवाखान्यात न्यायचं.

पूर्व भाग
आमच्या घरी तेलुगू वाचतात, आजीला तर तेही येत नाही. आम्ही नावं लिहितच नाही. सकाळी पांढरी गोल, दुपारी पिवळी, रात्री गुलाबी, एवढंच. तुमच्या आईलाही असंच करून द्या. नावांनी गोंधळच वाढतो बगा.

औषध काउंटर
आजी ज्या तऱ्हेने वेळ ओळखतात ते चांगलं आहे, ते मोडू नका. पण नुसत्या रंगावर विसंबू नका. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली की तेच औषध वेगळ्या रंगात येतं. मग जुनीही चालू राहते आणि नवीही, म्हणजे एकच औषध दुप्पट. रंगाऐवजी रिकामी झालेली स्ट्रिपच त्या वेळेच्या डबीत ठेवा, नाव आणि मिलिग्रॅम दिसेल अशी, आणि नवी स्ट्रिप तिच्याशी जुळवून घ्या.

ताई, तुमच्या मसुद्यात टॉर्सेमाइडपुढे मिलिग्रॅम नाही. ते हवंच. शिवाय नावामागे लागलेलं शेपूट कापू नका. याच औषधाच्या "प्लस" गोळीत टॉर्सेमाइडबरोबर स्पायरोनोलॅक्टोनही असतं. तुमच्या बाबांना ते दुपारी वेगळं चालू आहे. घरात चुकून प्लस आली तर ते दोनदा जाईल. मेटोप्रोलॉलपुढे एक्सएल किंवा ईआर असेल तर तेही लिहा, ती दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी असते, कुटून द्यायची नसते. आणि आकडे स्ट्रिपवर आहेत तसे इंग्रजीतच ठेवा. घाईत लिहिलेला मराठी एक बऱ्याच जणांना इंग्रजी नऊसारखा दिसतो.

एम.डी. मेडिसिन
मसुद्यातला पहिलाच शब्द माझ्या डोळ्यात भरला. डिस्चार्जच्या वेळी टॉर्सेमाइड बहुधा काही दिवस जास्त देऊन मग कमी करतात. तुमच्या कागदात नेमकं काय लिहिलंय ते शब्दशः सांगा. सिस्टर म्हणतात तो परिच्छेदही.

शेळगीकर
चौथ्या पानावर: टॉर्सेमाइड २० मि.ग्रॅ. सकाळी पाच दिवस, नंतर १० मि.ग्रॅ. चालू. स्ट्रिप १० ची दिली आहे. त्याखाली: तीन दिवसांत वजन दोन किलोपेक्षा जास्त वाढल्यास, दम लागल्यास, चक्कर आल्यास, लघवी कमी झाल्यास, उलट्या-जुलाब झाल्यास लगेच कळवा. सात दिवसांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी.
तिसऱ्या पानावरच्या परिच्छेदात: भरतीच्या वेळी वजन ६६.५, सुट्टीच्या दिवशी ६१. गुडघ्यासाठी घेत असलेली डायक्लोफेनॅक बंद केली. बीपी ९० च्या खाली गेल्यामुळे रॅमिप्रिल थांबवली.

एम.डी. मेडिसिन
शेवटच्या ओळीपासून सुरू करतो. परिच्छेदात रॅमिप्रिल थांबवली आहे आणि तक्त्यात रात्रीची रॅमिप्रिल आहे. बीपी सुधारल्यावर पुन्हा सुरू केली असेल, किंवा जुना तक्ता तसाच छापला गेला असेल. दोन्ही शक्य आहे आणि इथे बसून कोणालाच ते ठरवता येणार नाही, मलाही नाही. आज रात्रीच्या गोळीआधी वॉर्डला फोन करा. कागदावरची तारीख आणि वॉर्ड सांगून एवढंच विचारा: रॅमिप्रिल चालू की बंद?

टॉर्सेमाइडची ओळ तारखेने लिहा. "पाच दिवस" कुठून मोजायचे हे आईला कसं कळणार? पहिला डोस ८ ला सकाळी दवाखान्यात झाला की ९ ला घरी, तेही फोनवर विचारून घ्या. ८ ला झाला असेल तर ओळ अशी होईल: १२ तारखेपर्यंत सकाळी १० च्या २ गोळ्या, १३ पासून १० ची १. तुमच्या मसुद्यातल्या "१ गोळी"ने आतापासूनच निम्मा डोस गेला असता. कमी पडलं तर पाणी पुन्हा साठतं. उलट १३ नंतरही दोनच चालू राहिल्या तर बीपी आणखी उतरू शकतं, आणि त्यांचं आधीच उतरलेलं होतं.

आता वजन. पायाची सूज डोळ्याला दिसेपर्यंत शरीरात बरंच पाणी साठलेलं असतं, वजन त्याआधी वाढतं. म्हणून ६१ हा आकडा पानाच्या अगदी वर यायला हवा. तो नसेल तर "दोन किलोपेक्षा जास्त" हे कशापासून मोजणार? घरचा काटा दवाखान्याच्या काट्यापेक्षा थोडा वेगळा दाखवेल, म्हणून उद्या सकाळी पहिलं वजन घ्या आणि ६१ च्या शेजारी तोही आकडा लिहा. रोज उठल्यावर लघवीला जाऊन आल्यानंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर.

फौजदार चावडी
म्हणजे मी म्हटलं तेच झालं की. मुलीने मनापासून काम केलं, तरी डोस निम्मा झाला आणि वजन गळालं. हे घरच्यांचं काम नाही.

निवृत्त सिस्टर, सात रस्ता
आणि तिने पान करायला घेतलं नसतं तर? तिसऱ्या पानावरची रॅमिप्रिलची ओळ कोणी वाचलीच नसती. आई रोज रात्री गोळी देत राहिली असती, ती बंद होती की चालू हे न कळता. चूक मूळ कागदात असू शकते हेसुद्धा छोटं करायला बसल्यावरच दिसलं.

फौजदार चावडी
ते मान्य. पण ते दिसलं डॉक्टर आणि औषधवाले इथे वाचत होते म्हणून. प्रत्येक घरात असे लोक नसतात. निदान पानावर दवाखान्यातल्या कोणाची तरी सही हवी.

एम.डी. मेडिसिन
सहीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. सात दिवसांच्या तपासणीला जाताना हे पान मूळ कागदासोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांगा. तोपर्यंत पानावर मूळ कागदाबाहेरचं काही नको, मी इथे सांगतोय तेही नको.

औषध काउंटर
एक मात्र मला पानावर हवंच वाटतं. बंद औषधांची वेगळी ओळ: "गुडघ्याची डायक्लोफेनॅक बंद, द्यायची नाही." ती कागदात आहेच. अशा हृदयात ही गोळी पाणी धरून ठेवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. घरात जुनी स्ट्रिप असणारच. गुडघा दुखला की बाबा स्वतःच मागतील, किंवा कोपऱ्यावरून दुसऱ्या नावाची आणतील. जुनी स्ट्रिप घरातून काढून टाका.

पूर्व भाग
आमच्याकडे डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं तेव्हा आम्ही ते कमी सोडियमवालं मीठ आणलं. तुम्हीही तेच वापरा, शेंगाचटणीची चव तरी राहते.

एम.डी. मेडिसिन
तुमच्या घरी कोणती औषधं चालू आहेत ते मला माहीत नाही. शेळगीकरांनी मात्र ते आणू नये. बहुतेक अशा मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवतं, रॅमिप्रिलही वाढवते. पोटॅशियम फार वाढलं तर ठोके बिघडतात, आणि तोपर्यंत बाहेरून काही कळत नाही. सात दिवसांची तपासणी त्यासाठीच आहे. नेहमीचंच मीठ, पण कमी.

शेळगीकर
वॉर्डला फोन लागला. रॅमिप्रिल चालू आहे, सुट्टीच्या आदल्या दिवशी बीपी ११० आल्यावर पुन्हा सुरू केली होती. टॉर्सेमाइडचा पहिला डोस ८ ला सकाळी तिथेच झाला होता. आज सकाळी आईने दोन गोळ्याच दिल्या होत्या, स्ट्रिपवर सिस्टरनी पेनाने लिहिलं होतं म्हणून.

एक विचारायचंय. धोक्याच्या खुणा कागदात एकाच ओळीत आहेत. मी दोन भाग करू का? आडवं झाल्यावर दम लागला, शुद्ध हरपली तर सरळ १०८. वजन वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी फोन.

निवृत्त सिस्टर, सात रस्ता
करा. घाबरलेल्या माणसाला पाच खुणांची एकच ओळ नुसती वाचूनही काही सुचत नाही. आणि उलट्या-जुलाबाला "त्याच दिवशी" पुरेसं नाही, "पुढची गोळी द्यायच्या आधी फोन" असं लिहा. अंगातलं पाणी आधीच जात असताना पाण्याची गोळी पोटात गेली की बीपी आणि मूत्रपिंड दोन्ही बसतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हे फार लवकर होतं.

फौजदार चावडी
इथे मात्र मी ठाम विरोधात आहे. कागदात सगळ्यांपुढे "लगेच" लिहिलंय. कुठल्या खुणेला थांबता येईल हे घरच्यांनी ठरवलं की "लगेच"चं "संध्याकाळी बघू" व्हायला वेळ लागत नाही.

एम.डी. मेडिसिन
मला दोन्ही बाजू पटतात. "आडवं झाल्यावर" आणि "शुद्ध हरपली" हेही मूळ कागदात नाही, ते तुम्ही घातलंय. योग्य आहे, तरी सही होईपर्यंत खुणा जशा आहेत तशा, एकाखाली एक लिहा आणि वर कागदातलाच "लगेच कळवा" ठेवा. शेजारी वॉर्डचा नंबर आणि १०८. दोन भाग करायचे का, ते तपासणीच्या दिवशी तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

निवृत्त सिस्टर, सात रस्ता
डॉक्टर, तपासणी १५ ला आहे. मधल्या पाच रात्रींत त्यांना दम लागला तर आईने आधी फोन लावायचा की गाडी बोलवायची? माझं मत बदललेलं नाही. दमाच्या ओळीपुढे १०८ आजच लिहा.