पदोन्नतीसह कलबुर्गीला बदली, वडिलांचे डायलिसिस बेळगावात: काय कळवावे?

शहापूरकर: मी एका सरकारी बँकेत स्केल एकचा अधिकारी आहे. शुक्रवारी संध्याकाळी स्केल दोनची पदोन्नती आणि कलबुर्गीची बदली असा एकत्र आदेश आला असून होकार की नकार, हे बुधवारपर्यंत लेखी कळवायचे आहे. वडिलांचे डायलिसिस येथे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास चालते. सुई काढल्यावर फिस्तुलावर बराच वेळ दाब धरून बसावे लागते आणि नंतर त्यांना चक्कर येते, म्हणून एकट्याने रिक्षात बसवण्याचा धीर होत नाही. पत्नी खानापूरला अनुदानित मराठी शाळेत शिक्षिका आहे. मुलगी मराठी माध्यमातून यंदा दहावीला. जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

अनगोळवासी: वैद्यकीय कागद जोडून अर्ज द्या आणि उत्तर येईपर्यंत जागेवरून हलू नका.

निवृत्त बँकवाला: अर्ज जरूर द्यावा, पण पुढचे मात्र करू नये. गुजरात वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली स्पष्ट केले आहे की, बदली स्थगित किंवा रद्द झालेली नसताना केवळ निवेदन दिले म्हणून रुजू होणे टाळता येत नाही. रिलिव्ह झाल्यावर न कळवता घरी बसलात तर अनधिकृत गैरहजेरी लागेल. ‘बदली रद्द करा’ एवढेच लिहिलेला अर्ज सहसा फेटाळला जातो. त्याऐवजी पदोन्नती स्वीकारत असल्याचे कळवून दहावीची परीक्षा होईपर्यंत मुदत, ते शक्य नसल्यास धारवाड किंवा हुबळी, असे नेमके मागावे. किडनीतज्ज्ञांच्या दाखल्यात आठवड्याच्या फेऱ्या आणि सोबतीची गरज लिहून घ्यावी. नकार दिल्यास पुढे किती काळ पदोन्नतीला बसता येत नाही, हे आधी आपल्या बँकेच्या धोरणात वाचावे.

निपाणीची लेक: दादा, बाबांना सोबत न्यायचे असेल तर घर शोधण्याआधी डायलिसिसची पाळी पक्की करा. आईला सोलापूरला नेले तेव्हा घर मिळाले, पण पाळी रात्रीचीच होती. नव्या केंद्राने कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागितले, शिवाय जुन्या केंद्राकडून ड्राय वेटची नोंद. कलबुर्गीचा उन्हाळाही तसाच कडक. तहान वाढते आणि पाणी तर मोजूनच द्यायचे असते.

शहापूरकर: ताई, वडिलांना हलवण्याचा विचार नाही; त्यांचा जीव या गावात आणि येथल्या डॉक्टरांवर आहे. साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे निवेदन लिहायला घेतो. मुदत मिळाली नाही आणि हुबळीही मिळाली नाही, तर मी एकट्याने रुजू होऊन येथे पगारी सोबती ठेवावा की पदोन्नती सोडावी, यावर घरात एकमत झालेले नाही. बेळगावात डायलिसिसला नेणारा-आणणारा विश्वासू माणूस कोणी ठेवला असल्यास त्याचा अनुभव कळवावा.