मदत हवी आहे: स्टायपेंडवर पीएचडी की कर्ज काढून एमएस? १५ एप्रिलपर्यंत ठरवायचं आहे

जांबोटी_रोड
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. शाळा गावात मराठीतून, बीई बेळगावला मेकॅनिकल. गेली दोन वर्षं उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये कामाला आहे. नमुने कापायचे, घासून पॉलिश करायचे आणि मायक्रोस्कोपखाली ग्राफाइटचे गोळे नीट तयार झालेत का ते बघायचं, हे माझं रोजचं काम. त्यातूनच मटेरियल सायन्सची ओढ लागली.

अमेरिकेतून दोन ठिकाणची पत्रं आली आहेत.

पहिलं एमएसचं, स्वखर्चाने. विद्यापीठाच्या कागदावर पहिल्या वर्षाचा खर्च ४०,५०० डॉलर लिहिलाय. डॉलर ९० रुपये धरला तर साडेछत्तीस लाख होतात. दोन वर्षांचे मिळून ७० लाखांच्या पुढे जातात. बाबा १० लाख उभे करू शकतात. घर अजून आजोबांच्या नावावर आहे, वारसा लागलेला नाही आणि चार हिस्सेदार आहेत. शेताचा उतारा घेऊन बँकेत गेलो तर शेतजमीन तारण चालत नाही म्हणाले. एका खाजगी कंपनीने विनातारण ४० लाख, १२ टक्के व्याजाने देऊ केलेत. एजंट म्हणतो उरलेलं कॅम्पसवर काम करून निघतं.

दुसरं पीएचडीचं, बीईवरून थेट. फी माफ आणि टीचिंग असिस्टंटशिप महिना २,४५० डॉलर. बाबांनी लगेच गुणाकार केला, महिन्याला २ लाख २० हजार! घरात कोणी एवढे मिळवलेले नाहीत, त्यामुळे सगळे म्हणतात विचार काय करायचा त्यात. पण पत्रात '९ मंथ अपॉइंटमेंट' आणि 'फीज विद्यार्थ्याने भराव्यात' असंही आहे. फी माफ असेल तर पुन्हा फीज कसल्या? विभागाने आठ दिवसांत होकार कळवा असंही लिहिलंय.

एवढ्या पैशांत खरंच राहता येतं का? घरून मागावं लागलं तर देणारं कोणी नाही, म्हणून विचारते.

टिळकवाडीकर
पोरी, डोळे मिटून पीएचडी घे. कर्जाच्या नादी लागू नकोस. माझा भाचा २००४ साली गेला, चारशे-पाचशे डॉलरमध्ये महिना भागायचा आणि उरलेले घरी पाठवायचा. स्टायपेंडवर टॅक्स पण नसतो.

रिसर्च_स्कॉलर_कर्नाटक
बाहेर कशाला जातेस? नेट दे, जेआरएफ काढ. मी तेच करायलोय. २०२३ पासून महिना ३७,००० झालेत, दोन वर्षांनी ४२,००० होतात, वर घरभाडं वेगळं. आमच्याकडच्या गावात खोलीला ५,०००, मेसला ३,५०० जातात, आरामात भागतं. फक्त पैसे वेळेवर येत नाहीत. माझे पहिले पाच महिने एक पैसा आला नव्हता, मेसवाल्या मावशींनी वहीवर लिहून घेऊन जेवायला घातलं. हजेरीचा कागद दर महिन्याला विद्यापीठातून वर जायला लागतो आणि आमच्या ऑफिसात तो टेबलावरच पडून होता.

जांबोटी_रोड
दादा, धन्यवाद. पण माझी बीईच झाली आहे आणि पत्रं हातात आहेत, त्यामुळे प्रश्न या दोन्हींतलाच आहे.

निपाणीकर
ताई, मी अशाच टीचिंग असिस्टंटशिपवर पीएचडी केली, मिडवेस्टमधल्या लहान गावात. आता तिकडेच नोकरी करतो. तुमच्या पत्रातले दोन शब्द तुम्ही बरोबर पकडलेत, खरा हिशोब तिथेच आहे.

९ महिन्यांची नेमणूक म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत पगार. वर्षाचे २,४५० गुणिले १२ नव्हेत, गुणिले ९, म्हणजे २२,०५०. घरमालक मात्र बाराही महिने भाडं घेतो.

दुसरं, माफ होते ती ट्यूशन. तंत्रज्ञान, ग्रंथालय, जिम, बस अशा नावांनी लावलेल्या फीज बऱ्याच ठिकाणी माफ होत नाहीत. माझ्याकडे सत्राला ९०० डॉलर होत्या. आरोग्य विम्यातला माझा हिस्सा वर्षाला १,४०० होता. तुमच्या विभागाकडून हे दोन्ही आकडे लेखी मागवा, तोवर माझे धरून चला.

टिळकवाडीकर काका, टॅक्स असतो. शिकवण्याच्या मोबदल्यावर फेडरल आयकर लागतो. सोशल सिक्युरिटीची कपात एफ-१ व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं होत नाही, तुमच्या भाच्याचा पगार म्हणून जवळजवळ पूर्ण हातात येत असेल. भारतीय विद्यार्थ्यांना एक फायदा मात्र मोठा आहे. दोन देशांच्या कर-करारातल्या २१ व्या कलमामुळे आपल्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर होतं. म्हणजे ताईंच्या २२,०५० पैकी ६,३०० वर १० टक्के, ६३० डॉलर. राज्याचा कर राज्यावर अवलंबून, आपण धरून एकूण १,००० लावू.

आता २२,०५० मधून १,८००, १,४०० आणि १,००० गेले की उरतात १७,८५०. बारा महिन्यांनी भागले तर महिन्याला साधारण १,४८५. बाबांच्या गुणाकारातले २,४५० ते हे.

आमच्या गावात दोघींत घर घेतलं तर एकीच्या वाट्याला ६५० भाडं, वीज-इंटरनेट ९०, घरी शिजवून किराणा ३५०, फोन २५, बाकी किरकोळ १५०. झाले १,२६५. महिन्याला २२० उरले, वर्षाचे २,६०० च्या आसपास. त्यात एकदा घरी येण्याचं तिकीट बसतं आणि एखादं आजारपण निभावतं. बोस्टन किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ६५० मध्ये खोली मिळत नाही, तिथे हेच पत्र तोट्याचं. तुमचं गाव कोणतं त्यावर सगळं आहे.

जांबोटी_रोड
दादा, हे कोणीच असं मांडून दाखवलं नव्हतं. गाव लहानच आहे. उन्हाळ्याचे तीन महिने काय करायचं मग?

निपाणीकर
एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातून रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर उन्हाळ्यातही पगार चालू राहतो, आणि तुमचे ७,३५० डॉलर वाढतात. पण तो पैसा प्रकल्पाच्या अनुदानातून येतो आणि गेल्या वर्षी अनुदानांना कात्री लागल्यावर काही विभागांनी मुलं घेणंच कमी केलं. म्हणून उन्हाळ्याची हमी आहे का, हे नेमकं विचारा. 'सहसा मिळते' हे उत्तर हमी नव्हे.

ताळा करायची आणखी एक जागा सांगतो. व्हिसासाठी जो आय-२० कागद देतात त्यावर विद्यापीठ स्वतःच बारा महिन्यांचा राहण्याचा अंदाज छापतं. तो तुमच्या स्टायपेंडपेक्षा जास्त असेल तर वरचे पैसे दाखवा म्हणून ते तुमच्याकडे बँकेचा दाखला मागतील. तसं मागितलं तर समजायचं, एवढ्यात भागत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

सुरुवातीची नड वेगळीच असते. तुम्ही ऑगस्टच्या मध्यात उतरणार, पहिला पगार सप्टेंबरअखेर. तोवर घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, भांडी, किराणा. शिवाय निघण्याआधी सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीचे ३५० आणि व्हिसाचे १८५ डॉलर, वर विमानाचं तिकीट. बाबांचे १० लाख आहेत त्यातले चार-साडेचार लाख इथे लागतील. मी दोन लाख घेऊन गेलो आणि पहिले तीन आठवडे एका सीनिअरच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपलो.

शहापूर_पेठ
एमएस वाईट आहे असं नका भासवू कोणी. माझा भाऊ कर्ज काढून एमएस करून आला, दोन वर्षांत नोकरीला लागला. पीएचडीत पाच-सहा वर्षं जातात, तोवर एमएसवाला कर्ज फेडून पुढे गेलेला असतो. आणि जर्मनीचं का नाही बघत? तिथे फी नाही.

निपाणीकर
भावाचं खरं आहे, नोकरी लागली की एमएस पटकन वसूल होतं. पण ताईंचे आकडे घ्या. ४० लाख, १२ टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता ५७,३८८ रुपये. पूर्ण उचल झाल्यावर नुसतं व्याजच महिन्याला ४०,००० चढतं. तिकडे नोकरी असेल तर हा हप्ता जाणवत नाही. ती न मिळून बेळगावला परत यावं लागलं तर फाउंड्रीतल्या पगारावर तो कसा भरणार? शिवाय ४० आणि १० मिळून ५० च झाले, २० लाख कमी पडतातच. एजंट म्हणतो ते कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर करता येत नाही. तासाला १२ डॉलर मिळाले तरी २४० होतात, तेही काम मिळालं तर.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे बरोबर, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्याकडच्या मुलांना सत्राला १,५०० युरो आहेत. आणि व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. महिन्याला ९९२ सुटतात, ते आपलेच पैसे असतात.

शहापूर_पेठ
मग पीएचडीला जाऊन दोन वर्षांत एमएस घेऊन बाहेर पडायचं. फी नाही, कर्ज नाही. खूप जण करतात.

निपाणीकर
करतात. पण सगळे विभाग वाटेत एमएस देत नाहीत, हँडबुकात बघायला लागतं. आणि आधीपासून तोच बेत ठेवून जाणं मला पटत नाही. ज्या प्राध्यापकाने तुमच्यावर अनुदान लावलं त्याचं पुढच्या भारतीय मुलाबद्दल काय मत होईल?

शहापूर_पेठ
विद्यापीठं अनुदान गेलं की मुलांना सोडतातच ना. तेव्हा कोणी मत विचारत नाही. मुलीने आपलं बघावं.

रिसर्च_स्कॉलर_कर्नाटक
ह्या मुद्द्यावर मी शहापूरकरांच्या बाजूने.

निपाणीकर
यावर आपलं एकमत होणार नाही. ताई, तुमचा आठ दिवसांचा मुद्दा राहिला. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या पत्राला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. तुमचं विद्यापीठ त्या यादीत असेल तर ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागा.

जांबोटी_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. विद्यापीठ यादीत आहे. मेल केला, विभागाने १५ एप्रिलपर्यंत मुदत मान्य केली. फीज सत्राला १,०५० आहेत, म्हणजे दादांच्या अंदाजापेक्षा वर्षाला ३०० जास्त. विम्याचा माझा हिस्सा ९०० च आहे. म्हणजे महिन्याला साधारण १,५०० उरतील. उन्हाळ्याबद्दल त्यांनी लिहिलंय की गेली तीन वर्षं सगळ्यांना मिळालं, पण लेखी हमी देता येत नाही. तिथे शिकणाऱ्या दोन मुलींना भाडं विचारायला लिहिलंय, एकीचं उत्तर आलं, ७२० म्हणाली. म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास उरतात. काल रात्री बाबांना हा कागद वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, म्हणजे तुझं तुला पुरतंय, आम्हाला पाठवायचं काही नको.

आता एकच भीती आहे. टीचिंगसाठी तिकडे पोचल्यावर इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा घेतात असं त्यांच्या पत्रात आहे. आयईएलटीएसला माझे बोलण्यात ६.५ आहेत आणि वर्गासमोर मी कधी इंग्रजीत बोललेले नाही. नापास झाले तर असिस्टंटशिप जाते का, की आधी दुसरं काम देतात? निपाणीकर दादा, तुमच्याकडे कसं होतं?

निपाणीकर
आमच्याकडे पहिल्या सत्रात नापास झालेल्यांना पेपर तपासायला बसवायचे आणि सोबत बोलण्याचा वर्ग लावायचे, पगार तोच. दुसऱ्यांदा मात्र पास व्हावंच लागायचं. पण हे प्रत्येक विभागाचं वेगळं असतं, होकार देण्याआधी नेमकं विचारा. आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं मोठ्याने समजावून सांगायला सुरुवात करा, तुमच्या त्या ग्राफाइटच्या गोळ्यांपासूनच. परीक्षेत आपल्याच विषयातला एक मुद्दा फळ्यावर समजावून सांगायला लावतात.