मदत हवी आहे: घरपट्टीत क्षेत्रफळ जास्त लागलंय, ऑनलाइन भरू की थांबू?

तापीकाठ: राम राम. खान्देशातल्या नगरपरिषद हद्दीत घर आहे. पोर्टलवर मालमत्ता क्रमांक सापडत नाही. 'पाटील' टाकलं की पानंच्या पानं उघडतात. शेजाऱ्याच्या फोनवर बिल दिसलं, त्यात आमचं बांधकाम 96.62 चौ.मी. आहे. मंजूर नकाशात 650 चौ.फूट आहे. काय करावं?

ओटा_७: आडनावाने शोधू नका. आधी प्रभाग निवडा, मग वडिलांचं नाव मराठीत टाका. जुन्या पावतीवरचा क्रमांक फेरसर्वेक्षणानंतर बदललेला असतो, म्हणून तो 'जुना मालमत्ता क्रमांक' या रकान्यात टाकून बघा. सिटी सर्व्हे नंबर तिथे चालत नाही, तो भूमी अभिलेखचा.

भुसावळकर: दादा, कर चटई क्षेत्रावर लागतो. 20 टक्के कमी करून अर्ज द्या.

ओटा_७: भाऊ, असं सरसकट नको. बिलावर क्षेत्र बांधीव आहे की चटई, ते आधी पाहा आणि तेच माप द्या. आता हिशोब बघा: 650 चौ.फूट म्हणजे 60.39 चौ.मी. फरक 36.23 चौ.मी., म्हणजे 390 चौ.फूट. हे 26 बाय 15 बसतं. गच्चीवर पत्र्याचं शेड होतं का?

तापीकाठ: होतं! बरोबर 26 बाय 15. गेल्या उन्हाळ्यात काढलं.

ओटा_७: मग चूक मोजणीची नाही, नोंद जुनी राहिली. अर्जात 'क्षेत्रफळ चुकीचं' लिहिलंत तर कर्मचारी जुन्या मोजणीची नोंद बघून परत पाठवतील. 'शेड काढलं, स्थळपाहणी करावी' असं लिहा. सोबत मंजूर नकाशा, गच्चीचे फोटो आणि चालू बिल जोडा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

सुमनताई_अमळनेर: माझ्या सासऱ्यांच्या नावावरचं घर माझ्या नावावर करायचंय, याच अर्जात होईल का?

ओटा_७: नाही ताई, नावनोंदणी वेगळी. वारसाचे कागद लागतील, नवा धागा काढा.

भुसावळकर: दुरुस्ती होईपर्यंत बिल भरूच नये ना?

ओटा_७: भरा. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही. 'हरकत राखून भरणा' असं पत्र द्या. भरताना नाव आणि प्रभाग दोन्ही जुळवा, शेजाऱ्याच्या क्रमांकावर पैसे गेले तर परत वळवायला महिने लागतात. खात्यातून रक्कम कटली आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, दोन-तीन कामकाजाचे दिवस थांबा, मग त्याच क्रमांकाने करविभागात विचारा.

तापीकाठ: क्रमांक मिळाला, वडिलांचं नाव 'रामदास' ऐवजी 'रामादास' नोंदलं होतं. शेड काढल्यापासूनचा जादा कर वळता होईल का?

ओटा_७: अर्जात मागणी लिहून ठेवा. पण मान्य होण्याची आशा कमी, कारण शेड कधी काढलं याचा तुमच्याकडे तारखेचा कागद नाही. मोडीत दिलेल्या पत्र्यांची पावती असेल तर शोधा.