शब्द सुचवा: शहरी मुलांच्या गावाकडच्या उन्हाळी शिबिराला नाव

कांदेपोहे
माझ्या चुलतभावाची जुन्नर तालुक्यात शेती आहे. येत्या मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी पाच दिवसांचं शिबिर घ्यायचं त्याच्या मनात आहे. मुलं गाईची धार काढून बघतील, भाकरी थापतील, अंगण सारवतील, भाजीच्या वाफ्यांना दारं धरतील, संध्याकाळी विटीदांडू आणि सूरपारंब्या. नाव ऐकून मुलांनी हट्ट धरला पाहिजे, पण आईबापांच्या पोटात गोळा यायला नको. भावाने तीन नावं काढलीत: सुगी, रानभूल, शिवार. तुम्हाला काय वाटतं?

बाराबलुतं
रानभूल आधी खोडा. रानभूल पडणे म्हणजे रानात वाट चुकणे, त्याच त्याच जागी फिरत राहणे. चकवा लागला म्हणतात तेच. पोर पाच दिवस परक्या गावी पाठवणाऱ्या आईला हे नाव वाचून काय वाटेल? त्यात तालुका जुन्नर. तिथल्या बिबट्यांच्या बातम्या शहरात सगळ्यांनी वाचल्यात. तिथे नावात ‘रान’ असलेलं काहीच घेऊ नये असं माझं मत. रानवाटा, रानपाखरं, सगळं कानाला गोड आहे, पण आईबाप नाव वाचून लगेच गावाचं नाव विचारतात आणि मग दोन्ही एकत्र वाचतात.

सुगीची अडचण वेगळी. सुगी म्हणजे पीक घरात यायचे दिवस. ज्वारी-गहू मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. मे महिन्यात नांगरट झालेली असते, जमीन तापत पडलेली असते. मुलं विचारतील, ‘सुगी कुठे आहे?’ आणि दाखवायला काही नसेल. नाव ऋतूशी खोटं पडलं की गावातलीच माणसं हसतात.

शहाळं
मग शिवार ठेवा की. छोटं, सोपं, आणि अर्थ शेतच.

बाराबलुतं
नेमकं शेत नव्हे. गावाच्या हद्दीतली सगळी शेतजमीन मिळून शिवार. ‘आमच्या शिवारात पाऊस झाला’ म्हणजे एकट्याच्या शेतात नाही. आणि ‘जलयुक्त शिवार’पासून शहरी कानाला त्यात सरकारी योजना ऐकू येते. त्यात कृषी खात्याची शिवारफेरीही असते. बॅनर पाहून कुणी ‘अनुदान किती मिळतं’ असं विचारलं तर नवल नाही.

लेकुरवाळी
आमच्या सोसायटीत दरवर्षी संस्कार शिबिर होतं. गेल्या वर्षी मुलाला नाव सांगितलं तर तो पलंगाखाली जाऊन बसला. ‘शिबिर’ म्हटलं की त्यांना पहाटे उठवणं आणि श्लोक आठवतात. शेजारच्यांनी तसाच कार्यक्रम ‘कॅम्प’ म्हणून केला तर पोरं रांगेत उभी! मी तर म्हणते ‘उनाडवाडी’ ठेवा. माझा मुलगा चौदाचा आहे, चालेल का? आणि फी किती?

कांदेपोहे
काकू, फी अजून ठरली नाही. चौदाचं भावाला विचारून सांगतो.

गणपुले
उनाड हा शब्द मुलांना आवडणारच, कारण तो त्यांना शिवी म्हणूनच मिळालेला असतो. पण बाप त्यात ‘कुणाचं लक्ष नाही’ एवढंच वाचेल. ‘मोकळं रान’ही त्याच कारणाने नको. रान मोकळं मिळालं असं आपण कुणाबद्दल म्हणतो ते आठवा. जाता जाता, शिबीर असं दीर्घ लिहायला हवं. उपान्त्य अक्षर दीर्घ असतं, गरीब, वकील तसं.

बाराबलुतं
तो नियम तत्सम शब्दांना लागत नाही. मंदिर, रुधिर तसंच शिबिर. बॅनरवर ऱ्हस्वच छापा.

मृगाचा_किडा
‘वळीव’ कसं वाटतं? उन्हाळ्यातला, अचानक येणारा, मातीचा वास घेऊन येणारा. मे महिन्याशी खोटंही पडत नाही.

लेकुरवाळी
वळीव म्हणजे वीज आणि गारा! माझ्या माहेरी त्याने पत्रे उडाले होते. मी नाही पाठवणार.

शहाळं
मग गावरान काहीतरी घ्या. ‘गावरान मस्ती’.

गणपुले
गावरान म्हटलं की शहरात मटणाची थाळी समोर येते. आणि ‘गावठी’ तर उच्चारूच नका, त्याच्यापुढे लोक दारू नाहीतर कट्टा जोडतात. मला ‘आजोळ’ सर्वांत सुरक्षित वाटतं. देवकुलाचं देऊळ, राजकुलाचं राऊळ झालं, तसंच आज्याचं कुळ ते आजोळ. त्या शब्दात लाड आहेत आणि कुणीतरी मोठं माणूस घरात आहे ही खात्रीही आहे. आईबापांना याहून काय पाहिजे?

कांदेपोहे
भावालाही आजोळ आवडलं होतं. पण त्याच्या भाचीने विचारलं, ‘आजोळ म्हणजे आजीचा फ्लॅट ना?’ तिची आजी चिंचवडला चौथ्या मजल्यावर राहते.

मृगाचा_किडा
शिवाय आजोळ, मामाचं गाव अशा पाट्या कृषी पर्यटनवाल्यांनी जागोजागी लावल्यात. तुमचं शिबिर त्यात हरवेल.

बाराबलुतं
जुन्नरकडे विहीर-बागायतीच्या जमिनीला मळा म्हणतात, आणि घरं मळ्यातच असतात. ‘कुठे राहता?’ ‘मळ्यात.’ मग नाव ‘मळ्यात’ एवढंच का नको? तळ्यात-मळ्यात खेळलेल्या पोराला हा शब्द अंगात भिनलेला असतो, ऐकला की पाय उडी मारतात. आणि आईबापांच्या मनातली मोठी भीती विहीर-तलावाची. नावात तळं नाहीच, मूल कोरड्या जमिनीवर आहे. रानात वाटतो तसा एकटेपणा मळ्यात नाही. तिथे घर असतं, गोठा असतो, हाकेच्या अंतरावर माणूस असतो.

शहाळं
आमच्या कोकणात मळा म्हणजे सखल भातजमीन. तिथे कुणी राहत नाही, पावसात गुडघाभर पाणी असतं. मळा म्हणजे कोरडी जमीन हे चूक आहे.

बाराबलुतं
कोकणापुरतं तुमचं बरोबर. खळंसुद्धा तुमच्याकडे घरापुढचं अंगण, आमच्याकडे मळणीची जागा. पण शिबिर घाटावर आहे.

गणपुले
खेळाची आठवण चांगली आहे, पण ‘त्याचं तळ्यात-मळ्यात चाललंय’ म्हणजे निर्णय होत नाही. आणि सप्तमीतलं नाव वाक्यात चालवायचं कसं? ‘मळ्यातचा फॉर्म’, ‘मळ्यातला पैसे भरले’? ‘मळ्यातमध्ये जागा आहे का’ असंही ऐकाल.

बाराबलुतं
दुसरी ओळ द्या की. वर मोठ्या अक्षरात ‘मळ्यात!’, ते मुलांसाठी. खाली लहान अक्षरात ‘नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी पाच दिवसांचे निवासी शिबिर’, ते आईबापांसाठी. शिबिर हा शब्द मुलांना नकोसा असला तरी मोठ्यांना त्यात वेळापत्रक आणि देखरेख दिसते, म्हणून तो खालीच ठेवा. रात्रीचा मुक्काम बंद घरात, सोबत किती मोठी माणसं, दवाखाना किती लांब, हे नावात कोंबता येत नाही, ते खालीच लिहावं लागतं. फोनवर लोक ‘मळ्यातलं शिबिर’ म्हणतील, व्याकरणही सुटेल.

मृगाचा_किडा
एक राहिलंच. मळा, आजोळ, वळीव, सगळ्यांत ‘ळ’. इंस्टाग्रामवर malyat लिहिलंत की मुंबईची मुलं ‘माल्यात’ वाचणार. ajol चं ‘अजोल’.

कांदेपोहे
भावाला दोन्ही ओळी पाठवल्या. त्याला ‘मळ्यात’ पटलं, वहिनी अजून आजोळवर अडून आहे. ळ चं काय करायचं ते कुणी सांगेल का? malyaat असे दोन a लावले तर?

शहाळं
मग ‘मल्याट’ वाचतील.