'मुरडा' की 'कळ'? डॉक्टरांना लिहायच्या पत्रात अडकले आहे

सावली
मुलगी सहा वर्षांची आहे. बरेच दिवस संध्याकाळी पोट दुखतं म्हणते. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की दोन आठवडे नोंदी ठेवा आणि त्या एका पत्रासोबत पाठवा. नोंदी झाल्या, पत्राच्या पहिल्याच वाक्यावर घरात वाद झाला. मी लिहिलं होतं, "रोज संध्याकाळी तिच्या पोटात मुरडा येतो." सासूबाई म्हणाल्या, असं लिहू नकोस, मुरडा म्हणजे आव पडते तो, डॉक्टर भलतंच औषध देतील. माझ्या माहेरी पोटात पिळवटल्यासारखं झालं की मुरडाच म्हणायचे, आव असो वा नसो. 'कळ' लिहू का? की सरळ 'दुखतं'?

अक्षरवेडा
मुरडा 'मुरडणे'वरून आला आहे, म्हणजे पिळणे. त्यामुळे मूळ अर्थाने तुमचं बरोबर आहे. पण पत्र आहे तर शुद्ध शब्द वापरा, 'उदरशूल' किंवा निदान 'पोटशूळ'. शूल म्हणजे अणकुचीदार हत्यार, आणि वेदना किती तीव्र आहे ते त्या एका शब्दात येतं.

शब्दखूण
म्हणूनच तो इथे चालणार नाही. मुलीला टोचतंय असं कुठे म्हटलंय? व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. माझ्याकडे मुरडा म्हटलं की सोबत 'पुन्हा पुन्हा शौचाला जावंसं वाटणं' गृहीत असतं. सासूबाईंचा आक्षेप मला पटतो.

नाना
कळ लिहा. कळ ही थांबून थांबून येते. मला पित्ताशयात खडे होते तेव्हा उजव्या बरगडीखाली अशी कळ यायची की घाम फुटायचा. तेलकट खाल्लं की हमखास. मुलीची सोनोग्राफी करून घ्या असं सुचवेन. आणि कळ हा शब्द 'कळणे'वरूनच आला असणार, शरीराला जे कळतं ती कळ.

शब्दखूण
नाना, 'कळणे'चा संबंध निव्वळ कानाला गोड लागतो, आधार काही नाही. शिवाय कळ दोन प्रकारे वापरतात. दुखण्याची कळ असते, तशी लघवीची किंवा शौचाचीही कळ 'लागते'. "कळ आली" एवढंच लिहिलं तर वाचणारा कोणती समजेल?

जाईजुई
मी बालविभागात परिचारिका होते, अशी पत्रं बरीच वाचली आहेत. सावलीताई, त्या वाक्यात तुमचा शब्द नको, मुलीचा हवा. ती स्वतः काय म्हणते? आणि एका बोटाने जागा दाखवायला सांगितली तर बोट कुठे ठेवते? दोन-चार नोंदी इथे टाकता येतील का?

सावली
ती म्हणते, "पोटात कुणीतरी दाबतंय." बोट न ठेवता अख्खा हात बेंबीवर फिरवते. नोंदी अशा आहेत:

सोमवार. शाळेतून आल्यावर ठीक. सव्वासातला जेवण. ताटावरून उठतानाच पोट धरलं. वीसेक मिनिटं. मग खेळायला लागली.
बुधवार. जेवण सातला, लगेच दुखलं. शौचाला जाऊन आली आणि थांबलं. खड्यांसारखी, थोडीशीच.
शनिवार. बाहेर होतो, जेवण साडेआठला. पावणेनऊला दुखलं. त्याआधी काही नाही.
रविवार. दुखलं नाही. सकाळी भरपूर शौचाला झाली होती.

जाईजुई
मग तुमच्या वाक्यात मुरड्यापेक्षा 'संध्याकाळी' हा शब्द जास्त फसवा आहे. शनिवार बघा. जेवण पुढे गेलं तसं दुखणंही पुढे गेलं. ते घड्याळाला बांधलेलं दिसत नाही, जेवणाला बांधलेलं दिसतं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल सुरू करतं. आत कडक मळ साठलेला असेल तर ती हालचाल दुखते, आणि पोट मोकळं झालं की थांबते. बुधवार आणि रविवार दोन्ही त्याच बाजूचे आहेत. पत्रात असं लिहा: "रात्रीच्या जेवणानंतर लगेच बेंबीभोवती दुखतं, ती 'दाबतंय' म्हणते, साधारण वीस मिनिटं टिकतं, शौच झालं की थांबतं." बद्धकोष्ठ की आणखी काही, ते डॉक्टर पोट चाचपून ठरवतील. तोवर मनाने रेचक देऊ नका.

पाऊलवाट
पण ती रोज जात असेल तर बद्धकोष्ठ कसं? बद्धकोष्ठ म्हणजे दोन-तीन दिवस न होणं. मला हे जंत वाटतात.

जाईजुई
जंत शक्य आहेत, डॉक्टर विचारतीलच. पण रोज थोडे खडे पडतात आणि बाकी आत साठत जातं, असं मुलांमध्ये खूप दिसतं. शाळेतल्या स्वच्छतागृहात जायला नको म्हणून मुलं दिवसभर दाबून धरतात. म्हणून नोंदीत "झाली" एवढं पुरत नाही. खडे, भेगा पडलेली, मऊ की पातळ, हेही हवं.

पाऊलवाट
मग सकाळी आणि दुपारी खाल्ल्यावर का दुखत नाही?

जाईजुई
तेवढं या नोंदींवरून सांगता येणार नाही. सकाळी घाई, दुपारचा डबा शाळेत, तिथे दुखलं तरी ती कुणाला सांगते का? पत्रात हाही प्रश्न लिहावा. दुधाची वेळही टाका. दूध पचत नसेल तर प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, बहुधा पातळ होतं. इथे उलट दिसतंय, तरी नोंद असू दे.

सावली
मी रोज सातपासून तिला विचारत होते, दुखतंय का, दुखतंय का. ते चालेल ना?

जाईजुई
विचारणं थांबवा. सारखं विचारलं की मुलाचं लक्ष तिथेच राहतं आणि तक्रारी वाढतात. दुखणं खोटं असतं असं नव्हे. तिने सांगितलं की टिपा, तिच्यादेखत नको. आणि काय दिसलं नाही तेही पत्रात लिहा: वजन घटलेलं नाही, दुखण्याने झोपेतून उठत नाही, शौचात रक्त नाही, हिरवी उलटी नाही, ताप नाही. यातलं एकही असेल तर पत्राची वाट न बघता दाखवा. दुखणं सरकून उजवीकडे खाली गेलं आणि चालताना वाकायला लागली, तर त्याच रात्री.

नाना
म्हणजे माझ्यासारखे खडे नाहीत?

जाईजुई
नाना, तुमचं बरगडीखाली होतं, हिचं बेंबीभोवती आहे. ॲप्ली नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी 1958 साली शाळकरी मुलांच्या अशाच वारंवार पोटदुखीची पाहणी प्रसिद्ध केली. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आत ठोस बिघाड निघण्याचा संभव जास्त, हे त्यांचं निरीक्षण. अचूक नियम नव्हे, पण जागा नीट लिहिणं का महत्त्वाचं ते त्यावरून कळतं.

अक्षरवेडा
सगळं मान्य. तरी "खड्यांसारखी" हे डॉक्टरांच्या पत्रात अशोभनीय आहे. "मलावष्टंभ" हा चांगला, प्रतिष्ठित शब्द आहे.

शब्दखूण
मलावष्टंभ हे निदान झालं आणि ते आईने करायचं नाही. "खड्यांसारखी" हे तिने पाहिलेलं आहे.

अक्षरवेडा
मग "लेंड्यांसारखी" म्हणा, शेळीच्या लेंडीसाठी मराठीत नेमका शब्द आहे. खडा म्हणजे दगड.

सावली
आमच्याकडे "खडा धरला" असंच म्हणतात, डॉक्टरांनाही ते कळतं. वाक्य बदललं, "संध्याकाळी" काढलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर आता त्या विचारतात की 'बेंबीभोवती' बरोबर की 'बेंबीपाशी'.

शब्दखूण
भोवती म्हणजे चारी बाजूंनी. पाशी म्हणजे जवळ, एका बाजूलाही असू शकेल.

नाना
आमच्याकडे दोन्ही एकाच अर्थाने वापरतात.