मदत हवी आहे: एक्सेलमध्ये फक्त चौथी ओळ गोठवायची आहे

डेस्कटॉपवरच्या एक्सेलमध्ये हजारभर ओळींची शीट आहे. पहिल्या तीन ओळींत मोठं नाव, तारीख आणि सूचना आहेत. रकान्यांची शीर्षकं चौथ्या ओळीत आहेत आणि खाली स्क्रोल केलं की ती गायब होतात. मग हा आकडा नेमका कोणत्या रकान्यातला, हे पाहायला पुन्हा वर जावं लागतं.

View मधलं Freeze Top Row वापरलं, तर पहिली ओळ, म्हणजे नुसतं नाव, अडकून राहतं. मग B5 वर क्लिक करून Freeze Panes दिलं. हे चालतं: B5 च्या वरच्या ओळी आणि डावीकडचा A रकाना दोन्ही जागेवर राहतात. पण लहान स्क्रीनवर त्या चार ओळी बरीच जागा खातात.

म्हणून आधीचं Unfreeze केलं, चौथी ओळ सगळ्यात वर येईपर्यंत स्क्रोल केलं आणि मग B5 वरून फ्रीझ केलं. आता दिसायला अगदी हवं तसं दिसतं, पण पहिल्या तीन ओळींपर्यंत वर स्क्रोल करून जाताच येत नाही. शीट इतरही वापरतात, त्यांना वाटतं त्या ओळी कोणीतरी उडवल्या.

Ctrl+T ने टेबल केलं तर A, B, C च्या जागी शीर्षकं येतात, पण टेबलाबाहेर क्लिक केलं की जातात. सूचना प्रिंटमध्ये लागतात, त्यामुळे त्या काढता येणार नाहीत.

फक्त चौथी ओळ आणि A रकाना गोठवून वरच्या तीन ओळीही स्क्रोल करून पाहता येतील, असं काही करता येतं का? की सूचना शीर्षकांच्या खाली किंवा वेगळ्या शीटवर हलवणं हाच मार्ग आहे?