मदत हवी आहे : ऱ्हस्व-दीर्घ, सोमवारी पेपर

सक्करदरा_आई : मुलाच्या मराठीच्या वहीत लाल रेघाच रेघा आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा एकच सोपा नियम सांगा. पुस्तकातलं डोक्यात नाही शिरून राहिलं. लवकर सांगा.

इतवारीकर : कोणते शब्द चुकले ते तर लिहा ताई. वर्ग कोणता?

महालचा_भाऊ : नियम सोडा. मोठ्यानं बोलायला लावा, कान सांगतो तसं लिहायचं. माझं पोट्टं असंच शिकलं.

सक्करदरा_आई : सातवी. 'नागपूरात', 'फूलांचा', 'शरिरात', 'परिक्षेत'. 'नागपूर' बरोबर, मग 'नागपूरात' चूक कसं?

जुन्या_बाई : त्याला शब्दाच्या शेवटाकडे बघायला सांगा. 'फूल'च्या शेवटी साधा 'ल', म्हणून आधीचा 'फू' दीर्घ. 'चा' लावताना 'ल'चा 'लां' होतो. शेवट लांबला की आधीचं अक्षर ऱ्हस्व होतं, म्हणून 'फुलांचा'. तसंच नागपूर–नागपुरात, वकील–वकिलाला, सून–सुनेला. 'नागपूरला' लिहिताना 'र' बदलत नाही, म्हणून 'पू' दीर्घच राहतो.

इतवारीकर : मग 'परिक्षा'च बरोबर! शेवटी 'क्षा' आहे, म्हणजे 'रि' ऱ्हस्व. शाळेनं उगाच रेघ मारली.

जुन्या_बाई : नाही भाऊ. हे मराठी वळणाच्या शब्दांना लागतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मधे बदलत नाहीत. परि अधिक ईक्षा, दोन इ एकत्र आल्या, म्हणून 'परीक्षा' आणि 'परीक्षेत'. शरीर–शरीरात, गीत–गीतात. उलट 'गुण', 'विष' यांच्या शेवटी साधं अक्षर असूनही पहिलं ऱ्हस्वच. इथे कान फसवतो, कारण बोलताना आपण सगळेच 'परिक्षा' म्हणतो.

महालचा_भाऊ : सातवीतल्या पोराला कसं कळावं कोणता शब्द संस्कृत? १९६२च्या नियमांनी 'कवि', 'बुद्धि'चं 'कवी', 'बुद्धी' केलं ना, मग मधलं अक्षरही सोपं करायचं होतं.

जुन्या_बाई : ते मलाही पटतं, पण पेपर आजच्या नियमांनी तपासला जाईल. परीक्षा, प्रतीक्षा, शरीर, पूजा, क्रीडा, भीती एवढे त्याच्याकडून लिहून घ्या.

अजनी_काकू : सुनेचं नाव लग्नपत्रिकेत 'ज्योति' छापू की 'ज्योती'? छापखानेवाला थांबून राहिला.

इतवारीकर : 'ज्योती' काकू. नावातही शेवट दीर्घ.

सक्करदरा_आई : 'फुलांचा' समजलं त्याला. आता 'लाकूड' विचारून राहिला, 'लाकुडाचा' ना?

जुन्या_बाई : 'लाकडाचा'. तीन अक्षरी शब्दात पहिलं दीर्घ असेल तर मधला ऊ गळतोच. पाऊल–पावलाचा. ई पण तशीच, बेरीज–बेरजेत.

महालचा_भाऊ : म्हणजे 'पाटील'चं 'पाटलांना'. बघा, कानानं बरोबर सांगितलं.